प्रोजेक्टसाठी माजी विद्यार्थ्याला मेल: तुमचे अनुभव लिहा

ठाणेकरीण (मेकॅनिकल, शेवटचं वर्ष)

सेमिस्टर सातचा रिव्ह्यू झाला की मुंबईतल्या बहुतेक ग्रुपना कळतं की प्रोजेक्ट कुठेतरी अडलाय. गाईड सरांकडे पाच-सहा ग्रुप असतात, त्यामुळे इंडस्ट्रीतल्या माजी विद्यार्थ्याला मेल करावा लागतो. असा मेल कोणी केला असेल किंवा कोणाला आला असेल, तर काय लिहिलं होतं आणि पुढे काय झालं ते इथे लिहा. सुरुवात आमच्यापासून. मेल इंग्रजीत होता, त्यातला मजकूर असा:

विषय: बेअरिंगचा बिघाड ओळखणं, सेन्सरबद्दल एक प्रश्न

"नमस्कार सर, आम्ही आपल्याच कॉलेजचे शेवटच्या वर्षाचे चौघं. आपण प्लांटमध्ये व्हायब्रेशनचं काम पाहता, हे माजी विद्यार्थी संघाच्या यादीवरून कळलं. १४४० आरपीएमच्या मोटरवर ६२०५ बेअरिंग बसवून त्यातला बिघाड ओळखायचा आमचा प्रयत्न आहे. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या खुल्या डेटावर आमचं मॉडेल ९९ टक्के बरोबर येतं. आमच्या रिगवर मात्र त्याला चांगलं आणि खराब बेअरिंग वेगळं ओळखता येत नाही. रिगवर एमपीयू-६०५० सेन्सर आहे, सेकंदाला १००० रीडिंग. घोळ आधी सेन्सरमध्ये शोधावा की मॉडेलमध्ये? एक पान जोडलंय, त्यात रिगचा फोटो आणि दोन आलेख आहेत. दोन ओळी लिहिल्यात तरी खूप मदत होईल. फेब्रुवारीअखेर पुढचा रिव्ह्यू आहे, त्याआधी सेन्सर बदलणं शक्य आहे."

उत्तर आलं, आणि त्यात दोन्हीकडे घोळ निघाला. सरांनी पहिलं विचारलं, "ट्रेनिंग आणि टेस्टिंगचा डेटा वेगळा कसा केलात?" आम्ही प्रत्येक रेकॉर्डिंगचे छोटे तुकडे करून ते मिसळून वाटले होते. म्हणजे एकाच बेअरिंगच्या एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे दोन्हीकडे होते. मॉडेल बिघाड शिकत नव्हतं, ते रेकॉर्डिंग ओळखत होतं. सरांनी सुचवलं की ०.००७ आणि ०.०१४ इंचांच्या दोषांवर शिकवा आणि ०.०२१ वर तपासा. टक्केवारी चांगलीच घसरली, पण आता ती खरी आहे.

दुसरा मुद्दा त्यांना फोटोवरून कळला. आमचा सेन्सर फोमच्या डबल टेपने चिकटवलेला होता. फोम वरच्या फ्रिक्वेन्सी खाऊन टाकतो. शिवाय खुला डेटा सेकंदाला १२,००० रीडिंगचा आणि आमचा १००० चा, त्यामुळे ५०० हर्ट्‌झच्या वरचं आमच्यापर्यंत येतच नव्हतं.

मेंटॉर व्हा, असं आम्ही पहिल्या मेलमध्ये विचारलं नव्हतं. नवे आलेख पाठवले तेव्हा सरांनीच शनिवारी अर्धा तास बोलू म्हटलं. पहिल्याच मेलमध्ये कोणी विचारलंय का? आणि गाईडना सीसीत ठेवलंत का?

बोरिवली लोकल

माझा अनुभव सोपा आहे. सेन्सर तोच ठेवायचा, कोडमध्ये सॅम्पलिंग वाढवायचं. आम्ही ईएसपी३२ वर त्याच सेन्सरचं रीडिंग सेकंदाला ४००० वेळा घेतलं. यासाठी कुणाला मेल करायची गरजच पडली नाही.

तळोजा, मेंटेनन्स

बोरिवलीवाले मित्रा, सॅम्पलिंग वाढवायला हवं हे बरोबर आहे, पण त्या सेन्सरवर ते होत नाही. एमपीयू-६०५० व्हायब्रेशनचं नवं रीडिंग आतून सेकंदाला १००० वेळाच देतो. तू ४००० वेळा विचारलंस तर तेच आकडे पुन्हा पुन्हा मिळतील. तुझी फाईल उघडून सलग ओळी बघ, तीन-चार ओळी अगदी सारख्या दिसतील.

मी गेली बरीच वर्षं प्लांटमध्ये हेच काम करतोय आणि असे मेल मलाही येतात. ठाणेकरीणच्या मेलला उत्तर का मिळालं ते सांगतो. आरपीएम आणि बेअरिंग नंबर दोन्ही दिल्याने हिशेब लगेच मांडता येतो. ६२०५ च्या बाहेरच्या रिंगवर खड्डा असेल तर शाफ्टच्या एका फेरीत साधारण ३.५८ ठोके पडतात. १४४० आरपीएम म्हणजे सेकंदाला २४ फेऱ्या, म्हणून ८६ हर्ट्‌झच्या आसपास खूण दिसायला हवी. खड्डा मोठा असेल तर तुमच्या सेन्सरलाही ती ८६ आणि १७२ वर दिसेल. बिघाड नवा असताना मात्र प्रत्येक ठोक्याने बेअरिंगचं घर काही हजार हर्ट्‌झवर झणझणतं, आणि तो भाग तुमच्या हाती येत नाही. हे मी मेल वाचता वाचता मांडू शकलो. नुसतं "एआय बेस्ड प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स, प्लीज गाईड" आणि सोबत ७० पानी पीडीएफ आली असती, तर आधी मलाच प्रश्न शोधावा लागला असता. शिफ्ट संपवून घरी आल्यावर ते होत नाही.

अजून एक. "कंपनीचा डेटा मिळेल का?" असं विचारलं की आम्ही गप्प बसतो. करारामुळे तो देता येत नाही आणि नाही म्हणणं जड जातं. त्याऐवजी "आमचा आलेख तुम्ही रोज पाहता त्यासारखा दिसतो का?" असं विचारा. त्याचं उत्तर मी आनंदाने देतो. आणि ब्लॅक बुकच्या आभारात आमचं नाव घालायचं असेल तर आधी विचारा. कंपनीचं नाव मात्र नकोच.

मुलुंडची आई

माझी लेक आयटीला आहे, शेवटच्या वर्षाला. मोठ्या कंपन्यांतल्या माजी विद्यार्थ्यांची यादी कोणाकडे असेल तर द्या ना. रेफरल मिळाला तर प्लेसमेंटची काळजी मिटेल.

ठाणेकरीण

काकू, हा धागा प्रोजेक्टच्या मार्गदर्शनाबद्दल आहे. यादीसाठी लेकीला कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघात विचारायला सांगा. पण प्रोजेक्टच्या मेलमध्ये रेफरल मागू नका. समोरच्याला वाटतं की प्रोजेक्ट हे निमित्त आहे, आणि मग प्रश्नाचंही उत्तर येत नाही.

सायन, इलेक्ट्रॉनिक्स

आमच्या ताईंना आम्ही पहिल्याच मेलमध्ये स्पष्ट विचारलं होतं: मार्चपर्यंत महिन्यातून एकदा, वीस मिनिटं. त्या हो म्हणाल्या, आणि मुदत ठरलेली होती म्हणूनच हो म्हटलं, असं नंतर बोलल्या. त्यामुळे आधी विचारूच नये, हे मला पटत नाही. "वेळ मिळेल तसं मार्गदर्शन करा" असं मोघम लिहिणं मात्र टाळावं.

गाईडना सीसीत ठेवलं नव्हतं. ताईंनी सर्किट बदलायला सांगितलं आणि गाईड म्हणाले, मला न विचारता का बदललं? पुढचे दोन आठवडे त्यातच गेले.

तळोजा, मेंटेनन्स

माझं मत उलटं आहे. सीसीत प्राध्यापक दिसले की मी जपून लिहितो. "तुमचा ९९ टक्क्यांचा आकडा खोटा आहे" हे त्यांच्यासमोर मी लिहीन का? गाईडना आधी सांगा, मेल एकटा पाठवा आणि आलेलं उत्तर त्यांना दाखवा.

ठाणेकरीण

आमचं आता तिथेच अडलंय. उत्तर गाईडना दाखवलं. त्यांना मुद्दा पटला, पण ब्लॅक बुकमध्ये आधीचा आकडा राहू द्या, एक्सटर्नलना कमी आकडा आवडत नाही, असं ते म्हणतात. आमच्यातल्या दोघांना दोन्ही आकडे द्यायचे आहेत, फरक का पडला त्या एका पानासकट. व्हायवाला असे दोन आकडे कोणी नेले असतील, तर एक्सटर्नलनी काय विचारलं ते लिहा.