पगारातून पीएफ कापतात, पासबुक एप्रिलपासून कोरं: आधी मालकाशी बोलावं की थेट तक्रार करावी?

भोसरीचा_फिटर (8 जानेवारी)
आमचं छोटं वर्कशॉप आहे, 28 माणसं. मूळ पगार 14,000, दर महिन्याच्या पगारपत्रकात पीएफ 1,680 कापलेला दिसतो. परवा घरासाठी थोडे पैसे काढावे म्हणून पासबुक उघडलं तर शेवटची नोंद मार्चच्या पगाराची. एप्रिलपासून काहीच नाही. अकाउंटंटला विचारलं तर म्हणाला, "सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, होईल अपडेट." खरंच भरले नाहीत हे कसं ओळखायचं? आणि तक्रार केली तर नोकरी जाईल का?

सुनंदा_ताई
मी 26 वर्षं पगारपत्रकं केली, म्हणून सांगते. सर्व्हरमुळे चार-आठ दिवस मागेपुढे होतं, आठ महिने नाही. पण तक्रार लिहायच्या आधी एक गोष्ट बघा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. पासबुक फक्त तुमचं सांगतं. कंपनीने चलन भरलं का, ते वेगळीकडे दिसतं. epfindia.gov.in वर Establishment Search आहे. तिथे कंपनीचं नाव किंवा कोड टाका (कोड तुमच्या पासबुकावर असतो) आणि View Payment Details उघडा. लॉगिन लागत नाही. महिन्यागणिक चलनाचा क्रमांक, पैसे जमा झाल्याची तारीख, रक्कम आणि No. of Employee असा रकाना दिसेल. त्या आकड्यावर क्लिक केलं की त्या महिन्यात कोणाकोणाचे पैसे भरले त्यांची नावं येतात.

यात तीनपैकी एक निघेल. चलनच नसेल तर सगळ्यांचेच पैसे अडकलेत. चलन आहे, यादीत तुमचं नावही आहे, पण पासबुकात नाही, तर गोंधळ यूएएनचा, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकाचा आहे; कदाचित तुमच्या नावावर दुसरा यूएएन तयार झाला असेल. आणि चलन असून यादीत नावच नसेल, तर मामला गंभीर आहे. काय दिसतं ते इथे लिहा.

दत्ता_उद्योजक
थोडं मालकाच्या बाजूनेही बोलतो. मी स्वतः 15 माणसांचं युनिट चालवतो. मोठ्या कंपन्या बिलाचे पैसे चार-चार महिने देत नाहीत. त्यात पगार, वीज, कच्चा माल सांभाळायचा. अशा वेळी पीएफ मागे पडतो, कारण पगार थांबवला तर माणसं उद्याच काम सोडतात. तक्रारीवरून वसुलीचा आदेश निघाला की बँक खातं गोठतं, खातं गोठलं की पगारही थांबतो. 28 घरांचा प्रश्न आहे. आधी सगळ्यांनी मिळून मालकासमोर बसा, तारीख मागून घ्या.

वैशाली_नाशिक
दत्ताभाऊ, तुमच्या हिश्श्याचे 12 टक्के राहिले असते तर अडचण समजून घेतली असती. पण 1,680 रुपये त्याच्या पगारातून आधीच गेलेत. ते मालकाचे कधी नव्हतेच. बिलं अडकतात म्हणून कामगाराकडून त्याला न विचारता बिनव्याजी उसने घ्यायचे का?

आणि पीएफ म्हणजे फक्त म्हातारपणची शिल्लक नाही. माझा भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला, वय 38. पीएफच्या खात्याला जोडलेला विमा असतो, 7 लाखांपर्यंत, त्याचा हप्ताही मालकानेच भरायचा असतो. भावाच्या पासबुकात शेवटचे सात महिने कोरे होते. वहिनीचा अर्ज परत आला. कंपनीकडे गेलो तर म्हणाले तो सोडूनच गेला होता. ज्या दिवशी गेला त्या दिवसाचं हजेरीचं पान त्याच्या मित्राने मोबाइलवर काढून ठेवलं होतं, म्हणून पुढे बोलता आलं. वसुली होऊन पैसे हातात यायला 14 महिने लागले. थांबा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

सह्याद्री77
इतकी चर्चा कशाला? थेट पोलीस ठाण्यात जा. 409 लागतं, विश्वासघात. मालक दोन दिवसांत पैसे भरतो.

सुनंदा_ताई
सह्याद्री, मुळात चूक नाही. पगारातून कापलेला पीएफ हा मालकाकडे ठेवायला दिलेला पैसा, तो भरला नाही तर विश्वासघात, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय. पण 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं 316 कलम लागतं, 409 नाही. आणि ठाण्यात एकटा माणूस पगारपत्रक घेऊन गेला तर बहुतेक वेळा 'पीएफ ऑफिसचं पत्र आणा' हेच ऐकायला मिळतं. किती थकलं हे ठरवण्याचा अधिकार पीएफ आयुक्तांकडे आहे. पोलिसांचा रस्ता बंद नाही, पण तिथून सुरुवात करू नये.

मकरंद_पुणे
माझाही पीएफ अडकलाय! जुन्या कंपनीतून नव्या कंपनीत ट्रान्सफर टाकला, तीन महिने झाले, जुन्या कंपनीने सोडल्याची तारीखच टाकली नाही. हाच प्रकार ना?

सुनंदा_ताई
नाही मकरंद, तुमचे पैसे भरलेले आहेत, फक्त तारीख नाही. तो वेगळा विषय, वेगळा धागा काढा, तिथे सांगते.

भोसरीचा_फिटर
ताई, बघितलं. चलन दर महिन्याला आहे! मार्चपर्यंत 28 माणसं, एप्रिलपासून 11. नावं उघडली तर ऑफिसमधले, सुपरवायझर आणि मालकाचा पुतण्या. शॉपवरचे आम्ही 17 जण यादीत नाही. पगार मात्र सगळ्यांचा कापलाय, डिसेंबरचं पत्रकही तसंच.

रवी_कंत्राटी
मग मालक हुशार आहे. 20 च्या खाली माणसं दाखवली की पीएफचा कायदाच लागत नाही. तुम्हाला काही मिळणार नाही.

सुनंदा_ताई
रवी, 20 माणसांची अट कायदा पहिल्यांदा लागू होताना असते. एकदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी तो सुटत नाही. आणि इथे माणसं कमी झालीच नाहीत, कागदावर कमी केली आहेत.

भाऊ, आता तुमच्या अकाउंटंटचा 'सर्व्हर' संपला. दत्ताभाऊंचं पैशाच्या तंगीचं कारणही इथे पूर्ण बसत नाही. तंगी असती तर सगळ्यांचंच चलन राहिलं असतं. इथे दर महिन्याला कोणीतरी बसून 17 नावं यादीतून काढलीत.

तक्रारीत नेमका हिशेब द्या. तुमचे महिन्याचे 1,680 आणि मालकाचे तेवढेच (त्यातले 1,166 पेन्शनला, 514 पीएफला), मिळून 3,360. एका महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात. आज 8 जानेवारी, म्हणजे डिसेंबरची मुदत अजून संपलेली नाही. तो महिना धरू नका, नाहीतर मालक तेवढाच मुद्दा पकडून तुमची तक्रारच खोटी म्हणेल. एप्रिल ते नोव्हेंबर आठ महिने, 26,880 रुपये. सगळ्या 17 जणांचा पगार सारखा धरला तर साडेचार लाखांच्या वर जातं. त्यावर थकल्या दिवसापासून वर्षाला 12 टक्के व्याज, आणि जून 2024 पासून दंड महिन्याला 1 टक्का. एप्रिलच्या एका हप्त्यावर आजवर साधारण 263 रुपये व्याज आणि तेवढाच दंड.

सोबत आठही पगारपत्रकं, पगार जमा झाल्याचं बँकेचं पान (पत्रकातला निव्वळ आकडा आणि बँकेतला आकडा जुळला की कपात झाली हे कोणी नाकारू शकत नाही), पासबुक, आणि मार्चची 28 व एप्रिलची 11 नावांची यादी. ती पानं आजच छापून ठेवा. हजेरीच्या वहीचा फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं.

वैशाली_नाशिक
फोटो नक्की घ्या. आमचं सगळं त्यावरच टिकलं.

दत्ता_उद्योजक
17 नावं काढली असतील तर मी त्याची बाजू घेणार नाही. पण माझा मुद्दा तसाच आहे. एकट्याने ऑनलाइन तक्रार टाकली तर दुसऱ्या दिवशी मालकाला कळतं कोणी टाकली. सहा महिने चौकशी चालेल, तोवर हा माणूस घरी बसलेला असेल.

सुनंदा_ताई
इथे दत्ताभाऊंचं बरोबर आहे, म्हणून एकट्याने करू नका. epfigms.gov.in वर प्रत्येकाने आपापली तक्रार टाकावी, एकाच दिवशी. नोंदणी क्रमांक जपून ठेवा. तिथे कधी कधी 'चौकशीसाठी पाठवले' असं उत्तर देऊन तक्रार बंद होते, म्हणून त्याच मजकुराचा 17 सह्यांचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देऊन आवक शिक्क्याची प्रत घ्या. दर महिन्याच्या 27 तारखेला 'निधी आपके निकट' असतं, तिथे अधिकारी समोर भेटतात. अर्जात एकच मागणी: या 17 जणांची थकबाकी चौकशी करून ठरवावी आणि वसूल करावी. चौकशीत मालकाला रेकॉर्ड घेऊन बोलावतात. मात्र त्यालाही बाजू मांडायला तारखा मिळतात. वेळ लागतो, हे खोटं सांगणार नाही.

रवी_कंत्राटी
आणि आम्ही ठेकेदाराकडचे? ठेकेदार पळाला तर?

सुनंदा_ताई
ठेकेदाराने भरलं नाही तर ज्या कंपनीच्या आवारात तुम्ही काम करता, ती मूळ कंपनी जबाबदार. तक्रारीत दोघांचीही नावं टाका. गेटपास जपून ठेवा, तुम्ही तिथे काम केलं हे त्यावरूनच दिसतं.

सह्याद्री77
मी अजूनही म्हणतो, 17 जण एकत्र ठाण्यात गेले तर मालक घाबरेल.

वैशाली_नाशिक
आम्हीही गेलो होतो. त्याने फक्त वकील बदलला. पीएफ ऑफिसचा आदेश निघाला आणि खात्याला टाच आली, तेव्हा कुठे पैसे निघाले.

भोसरीचा_फिटर (12 जानेवारी)
काल दुपारच्या सुट्टीत यादी सगळ्यांना मोबाइलवर दाखवली. आमच्यातले एक काका 22 वर्षं आहेत. त्यांनी स्वतःचं नाव वरपासून खालपर्यंत तीनदा शोधलं. 9 जणांनी सही केली. बाकीचे म्हणतात फेब्रुवारीत पगारवाढ आहे, तोवर थांबू. संध्याकाळी मालकाने मला आत बोलावलं आणि म्हणाला, "15 तारखेला सगळं भरतो, कागद पाठवू नका."

दत्ता_उद्योजक
एक संधी द्या. तीन दिवसांचाच प्रश्न आहे.

सुनंदा_ताई
अर्ज तयार ठेवा, पण एक बघा. 15 ला तो फक्त डिसेंबरचं चलन 28 नावांचं भरेल आणि म्हणेल, झालं. मागचे आठ महिने तसेच राहतील. 16 ला नुसतं पासबुक बघू नका, प्रत्येक महिन्याची यादी उघडा. एप्रिलचं दुसरं चलन दिसलं आणि त्यात तुम्हा 17 जणांची नावं असली, तरच त्याने मागचं भरायला घेतलं.

भोसरीचा_फिटर
ठीक आहे. 16 ला सकाळी पहिल्या पाळीच्या आधी एप्रिलची यादी उघडतो. नावं नसली तर त्याच दिवशी 9 सह्यांचा अर्ज आवक शिक्क्याला जाईल.