व्हेन दिसलं की विल नाही, डोळे झाकून?

खडूवाला: मुलांनो, रिकामी जागा असलेल्या तुकड्याच्या सुरुवातीला व्हेन, ॲज सून ॲज, अनटिल, बिफोर दिसलं की पुढे विल नाही. डोळे झाकून साधा वर्तमानकाळ. मार्क पक्का.

सातवीचीआई: "डोळे झाकून" वाचलं आणि डोकंच सणकलं. माझ्या लेकीच्या पेपरात होतं, टेल मी व्हेन ही डॅश, कंसात कम. तिने विल कम लिहिलं, लाल फुली. मी विचारलं काय म्हणायचं होतं गं तुला, तर म्हणे "तो कधी येणार ते सांग". मग बरोबरच आहे की! "तो आला की मला सांग" असं असेल तर कम्स. व्हेनच्या जागी मराठीत "कधी" बसत असेल तर विल चालतं, "तेव्हा" किंवा "की" बसत असेल तर नाही. दोन्ही अर्थ निघतील असं वाक्य द्यायचं आणि फुली पोरीला!

खडूवाला: ताई, 60 पोरं समोर असतात. "येईल तेव्हा" डोक्यात असतं म्हणून व्हेन ही विल कम लिहितात, "आला की" असेल तर ॲज सून ॲज ही केम. त्यांना आधी हे सुटू दे, तुमचं कधी-तेव्हा नंतर.

गोंधळलेला_गण्या: मग व्हेन आय वॉज अ चाइल्ड पण चूक का??

सातवीचीआई: अरे बाबा, ते होऊन गेलंय. इथे पुढचं चाललंय.

पेन्शनर: व्हेन राहू द्या हो, खरा घोळ अनटिलचा. आयुष्यभर ऑफिसात पत्रं तपासली, दर दुसऱ्या पत्रात "अनटिल यू डोन्ट सबमिट द फॉर्म". "फॉर्म देत नाही तोपर्यंत" मधला तो नाही जसाच्या तसा उचलायचा. एकदा खाडाखोड केली तर साहेब माझ्यावरच उखडले, म्हणे अर्थ बदलला! अनटिलच्या पोटातच नाही आहे, त्या वाक्यात नॉट कुठेच नको.

खडूवाला: काका, कुठेच नको कसं? डोन्ट गो अनटिल ही कम्स, हे काय चूक आहे? जाऊ नकोसचा नॉट अनटिलच्या आधीच्या तुकड्यात आहे, तो हवाच. अनटिलच्या नंतरच्या तुकड्यात नको.

पेन्शनर: तेच म्हणत होतो मी. तुम्ही नीट वाचत नाही.

सातवीचीआई: आणि सर, "साधाच" वर्तमानकाळ हेही खोटं. आय विल कॉल यू ॲज सून ॲज आय हॅव फिनिश्ड, काम पूर्ण झाल्यावर भर असेल तर हे चालतं. तेही कापणार का?

खडूवाला: नाही कापत. बरं बाई, "डोळे झाकून" मागे घेतो, एक डोळा उघडा ठेवा. पण पेपरात मी कम्सच लिहायला सांगणार, उत्तरपत्रिकेत तेच असतं.

सातवीचीआई: म्हणजे तो कधी येणार हे कुणी विचारायचंच नाही. धन्य.