जपात मन गेलं की माळ परत पहिल्यापासून?

काकू (३०२): एक विचारते, हसू नका. माळ अर्धी होते आणि लक्षात येतं की मन भलतीकडेच होतं. मग मी परत पहिल्या मण्यापासून सुरू करते. काल तीनदा झालं, शेवटी उठलेच.

आजोबा (१०१): मागे जाऊ नका. १०८ मणी आहेतच मोजदाद बोटांवर सोपवायला. भान आलं त्या मण्यावर नाम नीट उच्चारा, ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही इतपत. त्याला उपांशु जप म्हणतात. मनातल्या मनात करताना घसरायला होतं, ओठांना काम दिलं की कमी होतं.

दादा (५०४): आजोबा, मेरूमणी नेहमीपेक्षा लवकर आला तर समजावं, अक्षरं गिळली! माझं नेहमीचं 😄

भाभी (२०३): आमच्याकडे नमाजात याला नियमच आहे. चार रकातींची नमाज, आणि तिसरी चालू आहे की चौथी हे काही केल्या आठवेना, तर कमी आकडा धरायचा. म्हणजे तिसरी समजून ती पुरी करायची, आणखी एक पढायची आणि शेवटी दोन जादा सजदे, सजदा-ए-सह्व. ते सलामच्या आधी की नंतर, यात पंथापंथांत फरक आहे. पण नुसतं मन भटकलं, गिनती पक्की आहे, तर नमाज दोहरवायची नाही. नजर सजद्याच्या जागेवर आणायची आणि पुढे पढायचं.

काकू (३०२): म्हणजे मोजणी चुकणं वेगळं आणि मन जाणं वेगळं. हे मी एकच धरत होते.

ताई (४०१): झेन ध्यानात मात्र मागे जातात हं. श्वास एक ते दहा मोजायचे, हरवलं की पुन्हा एक. "चौदा" म्हणताना स्वतःला पकडलं की कळतं, कधीच निसटलो होतो. पण तिथे परत गेल्याने दहाच श्वास जातात, अख्खी माळ नाही.

दादा (५०४): ज्यूंच्या अमिदा प्रार्थनेचं वाचलं होतं. मूळ नियम असा, की पहिल्या आशीर्वचनात मन नसेल तर प्रार्थना पुन्हा म्हणावी. त्यावर १६व्या शतकात क्राकोच्या मोशे इस्सर्लिस यांनी टीप जोडली: आता पुन्हा म्हणू नये, कारण दुसऱ्यांदाही मन लागणार नाहीच!

आजोबा (१०१): हा माणूस अनुभवी दिसतो.

काकू (३०२): अहो, माझं तेच तर होतं. दुसऱ्या वेळी सगळं लक्ष "आता जाऊ नकोस" यातच.

भाभी (२०३): काकू, मन रोज एकाच गोष्टीकडे जातं का?

काकू (३०२): हो गं. लेकीला फोन करायचाय, हेच.

भाभी (२०३): मग आधी फोन करून टाका ना, नंतर बसा.

काकू (३०२): ती सातला उठते 🙄 बरं, चिठ्ठीवर लिहून ठेवते आणि उद्या मागे न जाता माळ पुरी करते.