मदत हवी आहे: क्लेमची तारीख टळली, विमा लोकपालांना पत्र कसं लिहू?

कृष्णाकाठची
बाबांचं (वय ७१, सांगली) मे महिन्यात खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात कॅशलेस नव्हतं, म्हणून २,१०,००० रुपये भरून क्लेम लावला. पॉलिसी बाबांच्याच नावावर आहे. तारखा अशा:

१२ जून २०२५ ला शेवटचा कागद (इम्प्लांटचं स्टिकर आणि त्याचं बिल) दिला. १३ जूनला 'सर्व कागदपत्रे प्राप्त' अशी मेल आली. मग शांतता. १० जुलैला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केली. १४ जुलैला उत्तर आलं, '३१ जुलैपर्यंत क्लेमचा निपटारा करू'. १८ जुलैला मात्र इनडोअर केसपेपर मागितले, जे जूनमध्येच दिले होते! त्याच दिवशी पुन्हा पाठवले. ३१ जुलै गेली, ऑगस्ट गेला, आज २० सप्टेंबर.

ऑगस्टमध्ये बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली. तिथे आता 'क्लोज्ड' दिसतंय आणि शेरा आहे 'क्लेम प्रक्रियेत आहे'. क्लोज्ड कसं काय?

लोकपालांसाठी तीन पानी पत्र लिहिलंय. बाबांना झालेला त्रास, कॉल सेंटरची उडवाउडवी, सगळं आलंय. एक लाख मानसिक त्रासाचेही मागितलेत. खाली सही माझी. बरोबर आहे का?

पावशेर
कंपनीला ३० दिवस असतात आणि चौकशी लावली तर ४५. आधी चौकशी लावली होती का ते विचारा. नाहीतर तुमचाच अर्ज उलटायचा. आणि लोकपालाकडे जाताना ग्राहक आयोगातही केस टाकून ठेवा, दोन्हीकडून दाब येतो.

डोंगरवाट
माझ्या गाडीचं २०२१ च्या पुरात इंजिन गेलं होतं. सर्व्हेअर म्हणाला, पाण्यात असताना स्टार्टर मारलात म्हणून क्लेम नाही. मी लोकपालांकडे गेलोच नाही, एजंट म्हणाला काही होत नाही तिथे. तुम्ही सर्व्हेअरचा रिपोर्ट मागून घ्या आधी.

कृष्णाकाठची
डोंगरवाटदादा, हा आरोग्य विमा आहे हो, यात सर्व्हेअर नसतो. :)

जुनी_खातेवही
ताई, मी बत्तीस वर्षं क्लेम विभागात काढली, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पावशेर, ३० दिवस हे जुन्या पॉलिसींत छापलेलं असतं. २०२४ च्या परिपत्रकानंतर कॅशलेस नसलेल्या आरोग्य क्लेमला १५ दिवस आहेत. ताईंच्या पॉलिसीत जे छापलंय ते पाहावं, पण १२ जूनपासून १५ मोजा नाहीतर ३० किंवा ४५, सगळं टळलंय. तेव्हा त्यावर वाद घालू नये, पत्रात एका वाक्यात लिहावं. ग्राहक आयोगाचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. त्याच विषयावर आयोगात किंवा कोर्टात केस चालू असेल तर लोकपाल तक्रार घेतच नाहीत. आधी लोकपाल. तिथला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही, त्यामुळे आयोगाची वाट नंतरही मोकळी राहते.

बीमा भरोसा म्हणजे आयआरडीएआयचं पोर्टल. ते तक्रार कंपनीकडेच धाडतं आणि कंपनीने काहीतरी उत्तर टाकलं की ती बंद होते. तिथे कुणी निवाडा करत नाही. त्या 'क्लोज्ड'चा स्क्रीनशॉट जोडा, पुष्कळ झालं.

आता खरी मेख. कंपनी १८ जुलैची मागणी पुढे करणार. म्हणणार, शेवटचा कागद आम्हाला १८ जुलैला मिळाला, मुदत तिथून धरा. मी नोकरीत असताना हे पाहिलंय, फाइल तुंबली की कुणीतरी एखादा कागद पुन्हा मागतो आणि घड्याळ शून्यावर येतं. त्यावर तुमचं हत्यार म्हणजे १३ जूनची मेल. ती पत्राच्या पहिल्या परिच्छेदात हवी, जोडपत्रांच्या ढिगात नको. केसपेपर जूनमध्येच दिल्याची पोचही तिच्यासोबत लावा.

पत्रातून त्रासाचा भाग काढून टाका. वाचणाऱ्याला तारखा हव्या असतात. एक लाखही काढा, कारण लोकपाल प्रत्यक्ष नुकसानाच्या पलीकडे भरपाई देत नाहीत आणि अशी मागणी ठेवली की खरी मागणी झाकली जाते. त्याऐवजी व्याज मागा. ते पॉलिसीतच असतं, 'क्लेम सेटलमेंट' कलमाखाली दंडव्याज म्हणून पाहा: बँक रेट अधिक २ टक्के. रेट त्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीचा धरतात. १ एप्रिल २०२५ ला तो ६.५० होता, म्हणजे ८.५ टक्के. २,१०,००० वर वर्षाला १७,८५०, दिवसाला साधारण ४९ रुपये. १२ जूनपासून आज १०० दिवस झाले, म्हणजे ४,८९० च्या आसपास.

आणि सही बाबांची हवी. तक्रार विमाधारकाचीच, वकील किंवा एजंटामार्फत चालत नाही. सांगली पुण्याच्या लोकपाल कार्यालयात येते. फी नाही.

पावशेर
१५ दिवसांचं माहीत नव्हतं, मान्य. पण व्याज १२ जूनपासून की मुदत संपल्यापासून? मला दुसरं वाटतं.

जुनी_खातेवही
पॉलिसीत शेवटचा कागद मिळाल्याच्या दिवसापासून असं असतं. कंपनी तुमच्यासारखंच म्हणेल. मागताना १२ जूनच मागा, ठरवणं लोकपालांच्या हाती.

कृष्णाकाठची
पुन्हा लिहिलं, तीन पानांचं एक झालं:

> प्रति, विमा लोकपाल, पुणे
> विषय: आरोग्य विमा क्लेम (क्रमांक …) मुदतीत न दिल्याबाबत
>
> माझ्या क्लेमची सर्व कागदपत्रे मिळाल्याचे कंपनीने दि. १३ जून २०२५ च्या मेलने कळवले (जोडपत्र १). क्लेमवर निर्णय देण्याची मुदत संपूनही क्लेम मंजूर वा नामंजूर केलेला नाही.
>
> दि. १० जुलै रोजी मी तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार केली (जोडपत्र २). त्यांनी दि. १४ जुलै रोजी, ३१ जुलैपर्यंत निपटारा करू असे लेखी कळवले (जोडपत्र ३). ती मुदतही पाळली नाही.
>
> दि. १८ जुलै रोजी मागितलेले केसपेपर जूनमध्येच दिले होते (पोच, जोडपत्र ४). त्यामुळे मुदत त्या तारखेपासून मोजू नये.
>
> मागणी: रु. २,१०,००० आणि त्यावर दि. १२ जूनपासून रक्कम मिळेपर्यंत पॉलिसीप्रमाणे व्याज. या विषयावर कोणत्याही न्यायालयात वा आयोगात प्रकरण प्रलंबित नाही.

जुनी_खातेवही
झकास. ३१ जुलै त्यांनी स्वतः लिहून दिलेली तारीख आहे, ती ठळक करा. तक्रार अधिकाऱ्याकडे गेल्यापासून एक महिना १० ऑगस्टला पुरा झाला. तिथून एक वर्षात लोकपालांकडे जायचं असतं, तेव्हा उशीर झालेला नाही. पॉलिसीची प्रत आणि बिलं जोडा. पोस्टाने पाठवा नाहीतर cioins.co.in वर ऑनलाइन भरा. कार्यालयाकडून संमतीचा फॉर्म येईल, तो भरून परत पाठवला नाही तर फाइल तिथेच पडते.

डोंगरवाट
म्हणजे माझी वेळ गेली तर.

जुनी_खातेवही
क्लेम नाकारल्याचं पत्र २०२१ चं असेल तर गेली. एजंटाचा सल्ला महागात पडला म्हणायचा.

कृष्णाकाठची
काका, आज आणखी एक झालं. कंपनीचा फोन आला. १,६२,००० लगेच देतो, 'संपूर्ण व अंतिम' लिहिलेल्या व्हाउचरवर सही करून पाठवा. कुठले ४८,००० कापले ते सांगत नाहीत. बाबा म्हणतात, घेऊन टाकू.

जुनी_खातेवही
तक्रार जाणार असा सुगावा लागला की पैसे हलतात! घ्यायला हरकत नाही, पण त्या व्हाउचरवर नुसती सही नको. आधी कपातीचा तपशील लेखी मागा आणि 'निषेधासह, उरलेल्या रकमेचा हक्क राखून' असं लिहून देता येईल का ते विचारा. नाही म्हणाले तर ते नाहीसुद्धा मेलवरच घ्या.

पावशेर
आणि बाबांना फोन उचलू देऊ नका दोन दिवस.

कृष्णाकाठची
मेल पाठवलीय. उत्तर आलं की इथेच लिहिते. मधल्या काळात कुणी असं निषेधाचं व्हाउचर प्रत्यक्ष दिलं असेल तर सांगा, कंपनीने ते घेतलं का?