अनुभव धागा: रोजचाच डोस, मग त्या दिवशीच असं का झालं?

ठाण्याची_ताई: माझा धाकटा भाऊ ६ वर्षं गर्द ओढायचा, पन्नीवर, दिवसाला चार पुड्या. मार्चमध्ये सेंटरला महिनाभर राहून आला, घरी येऊन नववा दिवस, आणि त्याच ओळखीच्या माणसाकडून एकच पुडी आणली. एकच. आई म्हणाली झोपलाय, घोरतोय, झोपू दे, चादरही घातली अंगावर. मी लाइट लावला तर ओठ जांभळासारखे, नखं निळी, आणि ते घोरणं मध्येच थांबायचं आणि मग किती वेळ काहीच नाही. वाचला. पण मला कळत नाही की चार पचवणाऱ्याला एक कशी जड गेली. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी लिहा प्लीज, आणि गर्दुल्ला वगैरे शब्द इथे नकोत.

कॅज्युअल्टी_सिस्टर: ताई, ते घोरणं म्हणजे झोप नव्हती, जीभ मागे पडून श्वास अडकत होता. आमच्याकडे आणतात तेव्हा निम्म्या घरचे हेच सांगतात, छान घोरत होता. आता तुमच्या प्रश्नाचं. पुडीवर काही लिहिलेलं नसतं, विकणाऱ्यालासुद्धा माहीत नसतं, कारण त्याच्यापर्यंत येईस्तोवर तीन-चार हातांनी त्यात भर घातलेली असते. समजा गेल्या महिन्यात शंभरात दहा भाग खरा माल होता आणि या वेळी कुणीतरी भर कमी घातली, तीस भाग झाला, तर दिसायला तीच पुडी पण आत तीन पुड्या. रंगावरून, चवीवरून नाही ओळखता येत.

पश्या७४: भर म्हणजे उंदराचं औषध घालतात हो, त्यानेच माणूस जातो. मी ऐकलंय.

कॅज्युअल्टी_सिस्टर: पश्यादादा, भर घालतात हे बरोबर, पण जास्त करून पॅरासिटामॉल आणि कॅफीन सापडतं. माणूस जातो तो मुख्यतः खऱ्या मालाने, तो मेंदूला श्वास घ्यायचं विसरायला लावतो. म्हणून "शुद्ध आहे, चांगला आहे" हे वाक्यच मला भीतीदायक वाटतं.

नाना_कोल्हापूर: आमच्या गावात हातभट्टीने लोक गेले होते तेही असंच ना, रोजची दारू आणि एक दिवस घात?

कॅज्युअल्टी_सिस्टर: नाना, ते वेगळं, तिथे मिथेनॉल म्हणजे दुसरंच विष असतं. पण दारूचा इथे संबंध आहेच. गर्दावर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या की दोन्ही मिळून श्वास दाबतात.

स्कारबरोचा_मराठी: मी टोरांटोजवळ राहतो. इथे माल म्हणून जे मिळतं त्यात फेंटानिल असतं, २ मिलिग्रॅमसुद्धा जीव घेऊ शकतं म्हणतात, आणि ते पावडरीत कोरडं मिसळलेलं असतं, म्हणजे चिवड्यातले शेंगदाणे कसे एका वाटीत दहा येतात आणि दुसरीत एक पण नाही, तसं. माझ्या रूममेटने आणि त्याच्या मित्राने एकाच पिशवीतलं घेतलं, मित्र उठून कामावर गेला, रूममेट बाथरूममध्ये पडलेला सापडला. टेस्ट स्ट्रिपने आधी तपासलंही होतं, पण स्ट्रिप फक्त आहे की नाही सांगते, किती ते नाही. आणि चिमूटभर पाण्यात टाकून बघितली, उरलेल्या पिशवीत काय ते कोण सांगणार. इथे अशा मालाचा असर काही वेळ उतरवणाऱ्या औषधाचा, नॅलॉक्सोनचा, नाकात मारायचा स्प्रे फार्मसीत फुकट मिळतो. एक मारला, तो उठला, मला शिव्या घातल्या, आणि तासाभराने परत डोळे मिटायला लागला.

कॅज्युअल्टी_सिस्टर: हो, नॅलॉक्सोन अर्ध्या तासापासून दीड तासात उतरतं, माल अजून अंगात असू शकतो. म्हणून शुद्धीवर आला तरी हॉस्पिटलला न्यायचंच. आपल्याकडे ते बहुतेक इंजेक्शन, दवाखान्यातच. घरात काय करायचं तर १०८ लावा, हाक मारून छातीच्या हाडावर मुठीने घासा, श्वास थांबला असेल तर तोंडावाटे द्या, चालू असेल तर कुशीवर वळवा. उताणा ठेवू नका, उलटी घशात जाते. आणि एकट्याला सोडू नका.

ठाण्याची_ताई: सिस्टर, पण त्याच दिवशी त्याच माणसाकडून त्याच्या मित्राने पण घेतली होती, त्याला काही झालं नाही. मग माल कडक होता की नव्हता?

कॅज्युअल्टी_सिस्टर: ते आता सांगता येणार नाही. पुडी कडक असू शकते, चिवड्यासारखी. पण मित्र रोज घेत होता आणि तुमचा भाऊ महिन्याहून जास्त कोरडा होता. चार पुड्यांची सवय शरीर काही आठवड्यांत विसरतं, मनाला मात्र जुना आकडाच आठवतो. सेंटरमधून किंवा जेलमधून सुटल्यावरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सगळ्यात वाईट. सेंटरवाल्यांनी निघताना हे सांगितलं होतं का?

ठाण्याची_ताई: नाही. सर्टिफिकेट दिलं, हार घातला. आता तो रोज सकाळी जाऊन जिभेखाली विरघळणारी गोळी घेतो, तिथल्यांच्या समोर. चार महिने झाले. आईने त्याच्या खोलीची कडी काढून टाकली आहे, आणि रात्री तो घोरायला लागला की मी अजून उठून जाऊन बघते.