मदत हवी आहे: वाशीच्या हॉटेलात घाण खोली, बंद एसी. थोडे पैसे परत मागायचं पत्र कसं लिहू?

खारीबटर
लोकहो जरा पटकन सांगा. नेरुळला लग्न होतं, कोल्हापूरहून आत्या-काका आले म्हणून वाशीत हॉटेल घेतलं. एसी बंद, चादरीवर डाग, बाथरूमच्या जाळीत कोणाचे तरी लांब केस. मॅनेजर म्हणतो पुढच्या वेळी २० टक्के डिस्काउंट देतो, पुढच्या वेळी कोण जातंय मरायला. सगळे नकोत, थोडे तरी पैसे परत हवेत. पत्र असं लिहिलंय:

"आपली सेवा अत्यंत निकृष्ट असून आमच्या वृद्ध नातेवाईकांना प्रचंड मानसिक त्रास झाला. तरी ताबडतोब योग्य तो परतावा द्यावा अन्यथा कायदेशीर कारवाई करू."

चालेल का? आज पाठवायचंय.

ऐरोलीकर
पत्रबित्र सोडा, सरळ ग्राहक कोर्ट. फक्त केस हॉटेल जिथे आहे तिथेच लागते, म्हणजे कोल्हापूरवाल्यांना तारखांना इकडे यावं लागेल, तेवढं बघा.

जुना_रिसेप्शनिस्ट
थांबा हो. मी अकरा वर्षं फ्रंट ऑफिसला काढली, असली पत्रं रोज बघितलीत. तुमच्या पत्रात तारीख नाही, रूम नंबर नाही, रक्कम नाही. "योग्य तो परतावा" वाचून मॅनेजर स्वतःला योग्य वाटेल तेच देणार, आणि ते त्याने दिलंय, २० टक्के. आधी सांगा: किती रात्री, किती खोल्या, बुकिंग ॲपवरून की थेट, पैसे कोणी भरले, तक्रार कधी आणि कोणाला केली, दुसरी खोली देऊ केली होती का?

चहाबाज
एसी किती टनाचा आहे? आमच्या सानपाड्याच्या फ्लॅटला दीड टन कमी पडतो, पश्चिमेची भिंत आहे.

खारीबटर
@चहाबाज अहो हॉटेलचा एसी 😑
दोन रात्री, शुक्रवार-शनिवार. दोन खोल्या, एकच खराब. थेट फोनवर बुकिंग, रूम ३६०० आणि टॅक्स धरून ३७८० रात्रीचे. रिसेप्शनवरच्या मुलाला सांगितलं होतं. बिल भाऊजींच्या नावावर आहे, त्याने काय फरक पडतो?

घोडबंदरची_मी
आमचं तर ठाण्यात हॉलचं डिपॉझिट अडकलंय चार महिने, ताटं मोडली म्हणे. एक खरपूस रिव्ह्यू टाका, दुसऱ्या दिवशी फोन येतो बघा.

जुना_रिसेप्शनिस्ट
@घोडबंदरची_मी रिव्ह्यू खुशाल टाका पण पत्रात "पैसे द्या नाहीतर रिव्ह्यू टाकतो" लिहू नका. ते धमकी म्हणून फाइलला लागतं आणि मग कोणी नीट बोलत नाही.
@खारीबटर फरक पडतो. हॉटेल बिलावरच्या नावाशी बोलतं. भाऊजींच्या मेलवरून पाठवा आणि राहणारे कोण होते ते पहिल्याच ओळीत लिहा. थेट बुकिंग हे बरं झालं, ॲपवर आधी पैसे भरले असते तर ॲप हॉटेलकडे बोट दाखवतं आणि हॉटेल ॲपकडे. नुसतं तोंडी सांगितलंत का? लेखी काहीच नाही?

खारीबटर
नाही नाही, मॅनेजरला व्हॉट्सॲप केला होता रात्री ११.४० ला, व्हिडिओपण आहे. साडेबाराला टेबलफॅन आणून दिला. चादरी सकाळी बदलल्या. शनिवारी दुपारी दोनला मेकॅनिक आला, मग एसी चालला, पण रात्री एकला परत गरम हवा आणि पाणी टपकायला लागलं. परत मेसेज केला, त्याला उत्तरच नाही. दुसरी खोली देत होते, पण सिगरेटचा वास मारणारी, आत्याला दमा आहे, कशी जाणार?

गॅसवाला_नाना
गॅस लीक. वरवर गॅस भरला, भोक तसंच. कॉईलवर बर्फ धरतो, वितळला की पाणी खाली. पण पत्रात "गॅस लीक होता" लिहू नका, ते म्हणतील तुम्ही मेकॅनिक का. जे दिसलं तेवढंच लिहा: गरम हवा, पाणी. आणि व्हिडिओत रिमोटवर १८ दिसत असेल तर त्याचा उपयोग नाही, तो तुम्ही मागितलेला आकडा, खोलीचा नव्हे.

खारीबटर
नाना, रिमोटचाच व्हिडिओ आहे 🤦 पण दुसऱ्या रात्रीच्यात एसीतून पाणी बादलीत पडताना दिसतंय.

जुना_रिसेप्शनिस्ट
मग बादलीचा जोडा. ओरिजिनल फाइल फोनमधून उडवू नका, व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या कॉपीत फोटो कधी काढला ती माहिती राहत नाही. हॉटेलचा पहिला बचाव काय असणार सांगू? "आम्ही खोली देत होतो, गेस्टने नाकारली." म्हणून ते तुम्हीच आधी लिहा, दम्यासकट.

आता रक्कम. पहिली रात्र पूर्ण गेली: ३७८०. दुसरीला दुपारपासून रात्री एकपर्यंत एसी होता म्हणून निम्मी: १८९०. एकूण ५६७०. चांगल्या खोलीचे मागू नका. पत्र साधारण असं:

"बिल क्र. ___, रूम ___, शुक्रवार व शनिवारची रात्र. राहणारे: माझे सासूकडचे नातेवाईक. शुक्रवारी चादरीवर डाग व बाथरूमच्या जाळीत केस होते. चादरी शनिवारी सकाळी बदलल्या. एसी बंद असल्याचे रात्री ११.४० वाजता व्हॉट्सॲपवर कळवले, १२.३० ला टेबलफॅन मिळाला. शनिवारी दुपारी २ वाजता दुरुस्ती झाली. रात्री १ वाजता पुन्हा गरम हवा व पाणीगळती सुरू झाली, त्या मेसेजला उत्तर आले नाही. देऊ केलेल्या खोलीत सिगरेटचा वास होता. राहणाऱ्यांना दमा असल्याने ती घेता आली नाही. पहिल्या रात्रीचे ३७८० व दुसरीचे निम्मे १८९०, असे ५६७० रुपये १० दिवसांत ज्या खात्यातून भरले त्यातच परत करावेत. डिस्काउंटचा प्रस्ताव आम्हाला मान्य नाही."

शेवटची ओळ गाळू नका. डिस्काउंटला व्हॉट्सॲपवर "ओके" म्हणून बसलात तर ते म्हणतील मामला मिटला.

ऐरोलीकर
५६७० मागितले तर २००० देतील. पूर्ण १५१२० मागा, निम्म्यावर येतील. भाजीवाल्याकडे काय करता?

जुना_रिसेप्शनिस्ट
नाश्ता दोन्ही दिवस केला असेल, दुसरी खोली ठणठणीत होती. सगळे मागितले की मॅनेजरला "नाही" म्हणायला सोपं जातं. हिशोब असलेला आकडा तो वरच्याला दाखवू शकतो.

ऐरोलीकर
माझ्या मेव्हण्याला पूर्ण मिळाले होते गोव्यात. असो.

विदा_बेलापूर
ऐरोलीकर, तुमची वरची माहिती जुनी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यापासून तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षं. आणि बिल भाऊजींचं असलं तरी त्यांच्या संमतीने राहिलेली आत्यापण ग्राहकच. पण ५६७० साठी आधी पत्र, मग १९१५ हेल्पलाइन, मग आयोग. पत्रात कायद्याचा एक शब्द पुरे, तोही शेवटी.

चहाबाज
बरं वाशीत मिसळ कुठे चांगली?

खारीबटर
नाश्ता केला होता हो, पोहे गार होते ते सोडा. भाऊजी म्हणतात सासूकडचे नव्हे, त्यांच्या बायकोची आत्या 😄 ते बदलून मेल पाठवला. मॅनेजरचा आत्ताच फोन आला, "तीन हजार कॅश देतो, येऊन घेऊन जा."

जुना_रिसेप्शनिस्ट
फोनवर हो-नाही काही म्हणालात का? त्याला म्हणावं हेच मेलवर लिहून पाठव.

ऐरोलीकर
बघा, बोललो होतो की नाही. १५ मागितले असते तर.