अनुभव धागा: आठच्या पुढचे तास आणि शनिवारचा हप्ता

तापीकाठ
जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिक चटईच्या कारखान्यात मी टाइमकीपर होतो. मस्टर माझ्याकडे, शनिवारचा हप्ताही मीच काढायचो. "आठच्या पुढे डबल" हे कामगाराला पाठ असतं आणि मालकालाही मान्य असतं. भांडण होतं ते तास मोजताना. म्हणून हा धागा. तुमच्याकडे जादा तास कसे धरतात ते लिहा.

आधी एक आठवडा मांडतो. रोज 480, म्हणजे तासाला 60. जेवणाची सुट्टी वगळून सोमवारी 8 तास, मंगळवारी ऑर्डर निघायची होती म्हणून 11, बुधवारी 8, गुरुवारी लाईट गेली आणि 5 तासांवर घरी पाठवलं, शुक्रवारी 10, शनिवारी 8. एकूण 50.

एक बाबू म्हणतो, आठवड्याचे 48 झाले, वरचे 2 डबल. 2880 अधिक 240, हातात 3120. दुसरा बाबू प्रत्येक दिवस वेगळा धरतो. मंगळवारचे 3 आणि शुक्रवारचे 2 मिळून 5 तास डबल, उरलेले 45 साधे. 2700 अधिक 600, हातात 3300.

हे 180 रुपये गेले कुठे? पहिल्या बाबूने मंगळवारचा घाम गुरुवारच्या खड्ड्यात भरला. लाईट कामगाराने घालवली नव्हती, आणि गुरुवारचे 3 तास त्याला मिळालेही नाहीत. करारात "दिवसाला आठच्या पुढे" असं लिहिलं असेल तर 3300 च बरोबर.

घरी ताडून बघायचं असेल तर सगळे तास गुणिले 60, आणि जादा तास पुन्हा एकदा गुणिले 60. 3000 अधिक 300. कागद-पेन लागत नाही.

चोपडारोड
हाऊ हिशोब माले समजना नही, भाऊ. मंगळवारी 11 तास झाले तर पूर्ण 11 चे डबल पाहिजेत ना? डबल दिवस म्हणतात तो हाच ना?

तापीकाठ
नाही दादा. पहिले 8 साध्या दराने, पुढचे 3 डबल. मंगळवारचे 480 अधिक 360, म्हणजे 840. पूर्ण 11 चे डबल मागायला गेलात तर ऑफिसवाले तेवढंच धरून बसतील आणि हक्काचे 3 तासही लांबतील.

सूतगिरणीवाला
धुळ्याकडच्या सूतगिरणीत माझी बरीच नोकरी झाली. फॅक्टरी ॲक्ट 1948 चा आहे आणि त्यात दिवसाला नऊ तास लिहिलेत, आठ नाही. त्यामुळे आठच्या पुढे डबल हा कायदाच नाही. मागायचं कशाच्या जोरावर?

तापीकाठ
नऊ तासांचं बरोबर, पण काका, वाक्य तिथे संपत नाही. कलम 59 मध्ये दिवसाला नऊच्या पुढे "किंवा" आठवड्याला 48 च्या पुढे असं होतं. शिवाय कंपनीने आठचा करार केला असेल तर तो पाळायलाच लागतो, कायदा कमीत कमी किती ते सांगतो. आणि आता 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यात दिवसाचं काम आठ तासांचं धरलंय. ओटी दिवसावर मोजायचा की आठवड्यावर, तर कामगाराच्या फायद्याचं असेल तसा, असंही लिहिलंय.

सूतगिरणीवाला
फायद्याचं तसा, हे चांगलं केलं. कारण नुसतं दिवसावर मोजलं तरी माणूस फसतो. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशीही बोलवायचे. सातही दिवस बरोबर 8 तास. दिवसाच्या हिशोबाने जादा तास शून्य! आठवड्याचे मात्र 56 भरले, म्हणजे 8 तास डबलचे. आम्ही 48 धरून भांडलो म्हणून मिळाले.

तापीकाठ
बरोबर. दोन्ही हिशोब काढायचे आणि जो जास्त निघेल तो मागायचा.

भुसावळपॅसेंजर
माझं प्रकरण वेगळंच होतं. दुसरी पाळी, दुपारी साडेतीन ते रात्री बारा, मधे अर्धा तास जेवण. शनिवारी तिसऱ्या पाळीचा माणूस आलाच नाही, सुपरवायझरने थांबवलं, पहाटे चारला सुटलो. पहिली गाडी मिळेपर्यंत स्टेशनवर बसून होतो. हप्त्यात बघतो तर ते चार तास रविवारच्या खात्यात, साध्या दराने. बाबू म्हणाला, बारानंतर तारीख बदलली, रविवारी तू चारच तास केलेस, आठ कुठे झाले? वर रविवार पुढच्या आठवड्यात गेला, म्हणून या हप्त्यात त्याचे पैसेही नाहीत.

तापीकाठ
ही पळवाट मी डोळ्यांनी पाहिली आहे. पाळी मध्यरात्र ओलांडून गेली तर बारानंतरचे तास आदल्याच दिवसात धरायचे, असं 1948 च्या कायद्याच्या कलम 57 मध्येच होतं. तुमचा शनिवार 12 तासांचा, त्यातले 4 डबल, आणि तेही त्याच हप्त्यात. मस्टरवर वेळ न लिहिता नुसता हजेरीचा आकडा टाकत असतील तर हे पकडता येत नाही. आत आल्याची आणि सुटल्याची वेळ आपल्या वहीत रोज लिहा. सुपरवायझरची सही मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी लिहा.

शहादेकर
आमच्याकडे ही कटकटच नाही. बारा तासांची पाळी, 600 रोज, एकदाच ठरलेलं. ठेकेदार म्हणतो ओटी यातच आला.

तापीकाठ
मग उलटं मोजून बघा. 8 तास साधे आणि 4 डबल, म्हणजे 16 तासांचा पैसा. 600 भागिले 16, तासाला साडेसदतीस, आठ तासांचा रोज 300. हा तुमच्या कामाच्या किमान वेतनाला पुरतो का, ते सरकारी तक्त्यात बघा. पुरत नसेल तर ओटी त्यात आलेलाच नाही. ठेकेदार म्हणेल तासाला 50 देतो, तर मग पुढचे 4 तास 100 ने द्यायला हवेत.

शहादेकर
असं कधी मोजलंच नव्हतं. ठेकेदाराकडून उचल घेतलीय, त्यामुळे बोलायला तोंड नाही.

अमळनेरची लेक
उचल हप्त्यातून कापा म्हणावं, पण ओटीचा आकडा वेगळा लिहून द्या. दोन्ही एकत्र केले की काहीच कळत नाही, माझ्या भावाचं असंच झालं.

माझं विचारायचं होतं. मी डाळ मिलमध्ये आहे, आम्हा बायांना कट्ट्यावर मजुरी. सणाच्या आधी दहा-दहा तास बसतो. तास कुणी लिहीत नाही, कट्टे लिहितात. आम्हाला डबल लागू होतं का?

तापीकाठ
ताई, लागू होतं. 1948 च्या कायद्यात अशा कामाची रीत होती. आधीच्या महिन्यात ओटी सोडून पूर्ण वेळ भरलेल्या दिवसांची सरासरी कमाई काढायची, तो तुमचा साधा दर. महिन्याची सरासरी रोज 400 आली तर तासाला 50, जादा तासाला 100.

अमळनेरची लेक
आणि त्या तासात भरलेल्या कट्ट्यांचे पैसे वेगळे, की त्या 100 मध्येच?

सूतगिरणीवाला
वेगळे. काम केलं त्याचे पैसे तर मिळणारच.

तापीकाठ
माझ्या समजुतीने 100 मध्येच, कारण डबलमधला एक पट म्हणजे ते कट्टेच. पण आमच्याकडे नगावरचं काम नव्हतं, म्हणून काकांचं खोडून काढत नाही. डाळ मिल किंवा जिनिंगमध्ये कुणी असा हप्ता हातात घेतला असेल तर चिठ्ठीवरचे आकडे इथे लिहा. आणि ताई, तोवर कट्ट्यांच्या शेजारी बसल्याची-उठल्याची वेळ टिपायला लागा.

अमळनेरची लेक
आम्ही अकरा बाया आहोत, लिहिता मला एकटीला येतं. सगळ्यांची मी लिहीन.